दोन रिंगा म्हणजे सुखरूप

नियम करणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे आणि रजा, दौरा, हजेरी, पंख्याखालची जागा, असल्या विषयांवर मी काढलेली परिपत्रकं आजही आमच्या फळ्यावर टाचणीला लटकत असतात. ती कोणी वाचत नाही हा भाग वेगळा. पण नियम कसा असावा, त्याला पोटनियम कुठे जोडावा आणि शेवटी ‘वरील बाबतीत शंका उद्भवल्यास’ हे कलम कसं टाकावं, यात रत्नागिरीत माझा हात धरणारा माणूस नाही असं माझं स्वतःचं प्रामाणिक मत आहे. म्हणूनच आमच्या सावनीच्या मोबाईलचं जे झालं ते मला जास्त लागलं.

सावनी माझी मुलगी. त्या वर्षी तिला तेरावं लागलं होतं, आणि शाळेच्या चौदा वर्षांखालच्या खो-खो संघात तिची निवड झाली होती. सामने दापोलीला, दोन दिवस, मुक्कामासह. सोबत सगुणा मॅडम, म्हणजे त्यांच्या खेळाच्या बाई. निवडीची बातमी सांगायला ती घरात आली तेव्हा चपलासुद्धा काढायची विसरली होती.

“बाबा, जाऊ ना?”

आता माझ्या मुलीनं आजवर माझ्याशिवाय केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे रत्नागिरी ते पूर्णगड, तोसुद्धा आत्याच्या नवऱ्याच्या मांडीवर बसून. मी म्हणालो, “बघू.”

सरकारी माणसाच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे काय हे त्याच्या घरच्यांना बरोबर कळतं. सावनीनं चपला काढल्या. दमयंती, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, पोर वर्षभर त्या मैदानावर धावत्ये. दापोली काय परदेशात आहे?”

“पण तिथं काही झालं, तर आपल्याला कळणार कसं?”

हा प्रश्न मी विचारला आणि उत्तरही मलाच सुचलं. वाढदिवस तोंडावर आला होता. सावनीला मोबाईल घ्यायचा! मोबाईल असेल तर दापोली, नसेल तर नाही. एका दगडात भेट आणि बंदोबस्त. सन दोन हजार सहा चालू होतं, येणारे फोन फुकट झाल्याला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, मासळीबाजारात पापलेटाच्या टोपलीत मोबाईल वाजत होते. आमच्याकडे मात्र हॉलमधला तो करड्या रंगाचा, तबकडी जाऊन बटणं आलेला टेलिफोन तेवढा होता. खुद्द माझ्याकडे मोबाईल नव्हता.

नेमकं हेच शेजाऱ्यांना खुपलं.

“म्हणजे बापाकडे नाही, आईकडे नाही, आणि शेंबड्या पोरीकडे मोबाईल?” वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाई जिन्यातच मला गाठून म्हणाल्या. “अहो, त्या मांडवीच्या कुणाच्याशा मुलीला राँग नंबर यायचे. आधी राँग नंबर, मग ‘तुझा आवाज गोड आहे’, मग मेसेज. शेवटी नंबर बदलावा लागला हो! आणि रात्रभर अंथरुणात टिकटिक, टिकटिक. चष्मा लागेल, अभ्यास जाईल. मी आपलं सांगितलं. मला काय त्याचं.”

मला काय त्याचं असं म्हणून त्यांनी पाऊण तास सांगितलं.

समोरच्या घरातले सखारामकाका मात्र मोबाईलच्या बाजूचे निघाले. काका आयुष्यभर मालवाहू जहाजावर होते, जयगडहून निघून सगळी बंदरं पालथी घालून आलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी ओम्नी घेतली होती आणि ती ते जहाजासारखीच चालवत.

“भाऊ, पोराला फोन द्यायचा का नाय, ह्यो सवालच नाय,” काका म्हणाले. “आमच्या जहाजावर रेडिओ व्हता. पन त्येच्यावर गप्पा मारायला बंदी. काय बोलायचा, कवा बोलायचा, किती बोलायचा, सगळा ठरलेला. यंत्र वाईट नसता. नियम नसला का माणूस वाईट व्हतो.”

नियम हा शब्द ऐकला आणि माझा निर्णय झाला.

दमयंतीनं एवढंच विचारलं, “तिला काय हवंय ते विचारलंत का?”

विचारलं. सावनी म्हणाली, “मला गुडघ्याचे पॅड हवे होते.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “पण मोबाईल घेतला की दापोलीला जायचं नक्की ना? मग मोबाईल चालेल.”

राम आळीतल्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं आधी कॅमेऱ्याचा फोन पुढे केला. मी तो नाकारला. ज्यातनं फोटो जात-येत नाहीत, गाणी वाजत नाहीत, पडला तर फुटत नाही आणि वर टॉर्च आहे, असा एक फोन मी निवडला. सावनीनं त्याच्यातला साप पळवायचा खेळ तेवढा उघडून पाहिला आणि माझ्याकडे बघून लगेच बंद केला.

“सिमकार्ड हिच्या नावावर द्या,” मी म्हणालो.

“काका, अठरा पूर्ण नाहीत. तुमच्याच नावावर घ्यावं लागेल. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा.”

आता पत्त्याचा पुरावा या विषयावर मी लोकांना आयुष्यभर परत पाठवत आलोय. त्या दिवशी माझा नंबर लागला. विजेचं बिल कैलासवासी वडिलांच्या नावावर निघालं. रेशनकार्डावर पूर्णगडचा पत्ता. टेलिफोनचं बिल माझ्या नावावर होतं, पण त्यावर ‘परशुराम’च्या ऐवजी नुसतं ‘पी.’ होतं, आणि तो पी मीच आहे हे सिद्ध करायला कागद मागितला गेला. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, “काका, असं करा, तुमच्या ऑफिसातनं एक दाखला आणा.” तो दाखला देणारा कारकून मीच. मी माझ्याकडे अर्ज केला, त्यातली एक त्रुटी काढली, ती दूर केली आणि स्वतःला दाखला दिला. सही मात्र साहेबांची घेतली. नियम म्हणजे नियम.

सिम सुरू व्हायला एक दिवस गेला. सुरू झाल्यावर मी बटणं दाबून त्या यंत्राचा पंधरा आकडी नंबर काढला आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला, हरवल्यास तक्रारीत लागतो म्हणून. बॅलन्स संपला तरी कार्डाची मुदत असेपर्यंत येणारे फोन येत राहतात, हेही दुकानदाराकडून वदवून घेतलं. आपल्या टापूत, म्हणजे दापोलीत, रोमिंग लागत नाही, मुंबईत गेलं की लागतं, हेसुद्धा. अशी तयारी झाल्यावर मी नियमावली लिहायला बसलो.

ती इथे सगळी देत नाही, कारण ती फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना होती. पण तीत काय नव्हतं! मोबाईल शाळेत न्यायचा नाही. सहलीला न्यायचा तर मॅडमच्या ताब्यात द्यायचा. अनोळखी नंबरवरून फोन आला तर नाव सांगायचं नाही, आवाजही काढायचा नाही, आईकडे द्यायचा. आपला नंबर कुणाला द्यायचा ते आधी विचारायचं. रात्री मोबाईल हॉलमध्ये चार्जिंगला, अंथरुणात नाही. चार आकडी नंबरांवरून भविष्य, लॉटरी, गाणी असले मेसेज येतात, त्यांना उत्तर द्यायचं नाही, पैसे कापले जातात. मेसेज आईबाबा बघू शकतील.

या शेवटच्या कलमावर सावनी पहिल्यांदा बोलली.

“सगळे?”

“सगळे.”

“मग लिहिणारच कोण?” ती म्हणाली.

दमयंतीनं ते कलम पेन्सिलीनं खोडलं आणि वर लिहिलं : ‘काही विचित्र आलं तर ती आपणहून दाखवेल. आपण ओरडणार नाही.’ परिपत्रकात ‘ओरडणार नाही’ असा शब्दप्रयोग मी कधी पाहिलेला नव्हता. पण घर होतं, कार्यालय नव्हतं. मी राहू दिलं.

आणि मग माझ्या नियमावलीतला तो मुकुटमणी. पैसे वाचवण्यासाठी सगळी रत्नागिरी मिस्ड कॉल देत होती. दूधवाला मिस्ड कॉल देई, मुंबईची चाकरमानी मंडळी मिस्ड कॉल देत. मी त्याला शिस्त लावली. सावनीनं मोबाईलवरून घरच्या फोनवर रिंग द्यायची, आम्ही उचलायचा नाही. दोन रिंगा देऊन तोडलं, म्हणजे सुखरूप. तीन रिंगा, म्हणजे अडचण आहे, ताबडतोब फोन करा. आणि रिंग दिल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी मोबाईल बंद करून मॅडमकडे जमा.

“एवढं कशाला? एक रुपयात ‘पोचले’ म्हणून सांगेल की!” दमयंती म्हणाली.

“प्रश्न रुपयाचा नाही, पद्धतीचा आहे,” मी म्हणालो. सखारामकाकांनीही मान डोलावली. त्यांच्या मते बोटीच्या भोंग्याचीही अशीच पद्धत असते.

भेट देण्यापूर्वी यंत्राची चाचणी घ्यावी म्हणून मी आमच्या ऑफिसातल्या भागोजीला मोबाईलवरून फोन लावला. तिकडे ट्रिंग ट्रिंगच्या ऐवजी एक भूपाळी सुरू झाली आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, की हे गाणं आपल्याला हवं असल्यास स्टार दाबा. आता एखाद्यानं इतक्या स्पष्ट शब्दांत सूचना दिल्यावर ती न पाळणं माझ्या रक्तात नाही. मी स्टार दाबला. लगेच मेसेज आला : अभिनंदन, आणि महिन्याला इतके इतके कापले जातील. म्हणजे नियमावलीवरची शाई वाळायच्या आत चार आकडी नंबरांच्या कलमाचा पहिला भंग माझ्याच हातून झाला होता. आता सावनीला कुणीही फोन केला की त्याला भूपाळी ऐकू येणार होती. ती बंद करायला कुठे काय पाठवायचं ते मला सापडेना, आणि सावनीला विचारणं माझ्या पदाला शोभलं नसतं. मी गप्प राहिलो.

शनिवारी पहाटे संघ एसटीनं निघाला. मी स्टँडवर सावनीच्या गळ्यात दोरीनं मोबाईल अडकवला आणि म्हणालो, “दोन?”

“सुखरूप.”

“तीन?”

“अडचण. बाबा, गाडी सुटत्ये.”

गाडी सुटली. ती दिसेनाशी झाल्यावर मला आठवलं, की सामने दापोलीत नेमक्या कुठल्या शाळेत आहेत हे मी विचारलंच नाही. सगुणा मॅडमचाही नंबर घेतला नव्हता. कशाला घ्यायचा? मोबाईल होता ना!

सकाळी मी टेलिफोनसमोर खुर्ची टाकून बसलो. अकराच्या सुमारास फोन वाजला. एक. दोन. मी सुटकेचा श्वास सोडायला तोंड उघडलं, आणि तो तिसऱ्यांदा वाजला. मग बंद.

“तीन!” मी ओरडलो.

“दोन असतील,” दमयंती आतून म्हणाली.

“तिसरी अर्धी होती, पण होती!”

मी लगेच सावनीचा मोबाईल लावला. ‘आपण ज्यांना फोन करत आहात तो मोबाईल बंद आहे.’ अर्थातच बंद होता. माझ्याच नियमानं बंद होता. पण त्या क्षणी ते मला सुचलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं, की माझ्या मुलीनं मदत मागितली आणि मग तिचा फोन बंद झाला.

शाळेत फोन केला. शनिवारची शाळा सकाळीच सुटलेली. कुणी उचलला नाही. तेवढ्यात आनंदीबाई आल्या. त्यांना आमच्याकडे काही घडलं की जिन्यातून वास येतो. “मी म्हटलं नव्हतं? मोबाईल हिसकावून नेला असणार मेल्या कुणीतरी. तुम्ही निघा भाऊ. मी इथं फोनजवळ बसत्ये.”

आणि त्या खरोखरच फोनजवळ बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, तर आपल्या सगळ्या नातेवाइकांना ही बातमी त्याच फोनवरून सांगितली. त्यामुळे पुढचे कित्येक तास मी संगमेश्वरच्या, चिपळूणच्या आणि खेडच्या बूथवरून घरी फोन लावत राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी तो एंगेज लागत राहिला. प्रत्येक एंगेजला मी नवीन अर्थ लावत होतो.

सखारामकाकांनी ओम्नी काढली. काका गाडी एका ठरावीक वेगानं हाकतात आणि चढ असो, उतार असो, तो वेग बदलत नाहीत. मागे ट्रकवाले हॉर्न मारत होते. “वाजवू दे,” काका म्हणाले. “भाऊ, घाबरल्यावर माणसानं वेग वाढवायचा नसतो.” मी घाबरलेलो नाही, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना मी दाराची कडी घट्ट धरली होती. काकांनी गाडी बाजूला घेतली, मला पाणी दिलं, आणि त्याच वेगानं पुन्हा हाकायला लागले.

दापोलीत शिरल्यावर दोन शाळा पालथ्या घातल्या. तिसऱ्या शाळेच्या पटांगणावर शिट्ट्या ऐकू आल्या. मी गाडी थांबायच्या आत उतरलो आणि धावलो.

मैदानावर सामना चालू होता. मधल्या रांगेत समोरच्या संघाच्या मुली एकीआड एक उलटसुलट तोंडं करून बसल्या होत्या, आणि आमच्या शाळेच्या तिघी नुकत्याच पळायला आत उतरल्या होत्या. त्यांतली एक सावनी. हातपाय शाबूत, वेणी घट्ट, चेहरा तापलेला. जगात कोणत्याही माणसाला कोणताही चेहरा बघून इतका आनंद झाला नसेल.

आणि तो आनंद मी तोंडातल्या तोंडात ठेवायला हवा होता.

“सावनीऽऽऽ!” मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, दोन्ही हात वर करून चुन्याच्या रेषेशी गेलो.

सावनीनं वळून पाहिलं. माझ्या मुलीनं आयुष्यात मला पटांगणावर कधी पाहिलेलं नव्हतं, तेही असं, हात वर केलेलं, शर्ट बाहेर आलेलं. तिला वाटलं आईला काहीतरी झालं. मागून पाठलाग करणारी आली, सावनी चुकवण्यासाठी उडी मारून बाजूला झाली आणि तिचे दोन्ही पाय माझ्यासमोर, रेषेच्या बाहेर पडले.

पंचांची शिट्टी वाजली. “बाद!”

मग समोरच्या संघानं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या मला उद्देशून आहेत असं मला वाटलं.

“आईला काय झालं?” सावनी धापा टाकत विचारत होती.

“आईला काही नाही. तुला काय झालं? तीन रिंगा!”

“मी दोन दिल्या!”

“मी तीन ऐकल्या!”

“मी कानाला लावून मोजल्या बाबा. दोन. मग बंद केला. मॅडमना दिला.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “मी सगळे नियम पाळले.”

सगुणा मॅडम मध्ये आल्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत तो टॉर्चवाला मोबाईल, नियमाप्रमाणे बंद. “अहो, आपल्या कानात जी रिंग वाजते ना, ती आणि तिकडे घरात वाजते ती, एकच नसते,” त्या म्हणाल्या. “मागेपुढे होतं. इकडे दोन ऐकल्या की तिकडे कधी एक झालेली असते, कधी तीन. आमच्या घरी यावरून एकदा जेवण बंद झालं होतं. दोन म्हणजे शेंगदाणे आणायचे, तीन म्हणजे डॉक्टर.”

एवढी मोठी नियमावली, पोटनियमांसह, आणि तिचा पाया टेलिफोनच्या ट्रिंग ट्रिंगवर! मला बसावंसं वाटलं. पण बसायला जागा नव्हती, सगळीकडे मुली होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. ‘सावनीचे बाबा’ असं कुजबुजणं चालू होतं. पंचांनी मला रेषेपासून लांब व्हायला सांगितलं, तेही अशा आवाजात की जो मी ऑफिसात इतरांसाठी वापरतो.

सावनी रडत नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पहिला डाव संपला तेव्हा आमच्या मुली एका गुणानं मागे होत्या, आणि तो गुण कुठला हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मध्यंतरात ती माझ्याकडे आली.

“बाबा, दुसऱ्या डावात मी परत पळणार आहे. तुम्हाला थांबायचंय?”

“म्हणजे काय!”

“मग नियम आहेत,” ती म्हणाली. “त्या चिंचेखाली बसायचं. ओरडायचं नाही. आणि पाठ मैदानाकडे.”

“पाठ?”

“तुम्ही दिसलात की मी बघणार. तुम्ही बघताय असं वाटलं तरी बघणार.”

‘वरील बाबतीत शंका उद्भवल्यास’ असं कलम नव्हतं. मी चिंचेखाली गेलो आणि मैदानाकडे पाठ करून बसलो. समोर शाळेची भिंत होती आणि तिच्यावर ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलेलं होतं. शेजारी सखारामकाका येऊन बसले. ते खुशाल मैदानाकडे तोंड करून बसले. त्यांना नियम नव्हता.

“काका, काय चाललंय?”

“सांगू?”

“नको,” मी म्हणालो. सांगणं म्हणजे बघण्यासारखंच झालं असतं.

मला नुसतं ऐकू येत होतं. ‘खो!’ मग पावलांचा आवाज. ‘खो! खो!’ मग मुलींचा आरडाओरडा, तो आमच्या की त्यांच्या ते कळेना. एक शिट्टी वाजली. ती सावनी होती का? दुसरी शिट्टी. काकांकडे चोरून पाहिलं तर ते पान लावत होते. माझ्या आयुष्यात मी मोजणं सोडून नुसता बसलोय असा हा पहिलाच प्रसंग. भिंतीवरची ती सूचना मी इतक्या वेळा वाचली, की अजूनही अक्षरं डोळ्यांपुढे येतात. मान वळवावी असं फार वाटलं. पण ती माझ्या फोनच्या नियमांनी इतकी वागली होती, मी तिच्या एका नियमानं वागायला काय हरकत होती?

शेवटी एक लांबलचक शिट्टी वाजली आणि पटांगणावर कल्लोळ उठला. मी तरीही वळलो नाही. धावत येणारी पावलं ऐकू आली, आणि सावनी माझ्यासमोर, भिंतीच्या बाजूनं येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर रक्त होतं.

“बघितलंत?”

“नाही.”

“अजिबात नाही?”

“अजिबात.”

तिचा विश्वास बसेना. तिनं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “नाय बघितला गो. मी साक्षीला हाय.”

मग ती हसली आणि माझ्या शेजारी मातीत बसली. “जिंकलो,” ती म्हणाली. आणि तिनं मला सगळं सांगितलं. ती उंच मुलगी कशी मागे लागली, खांबापाशी कसं चकवलं, शेवटपर्यंत ती एकटीच कशी उरली. हातवारे करून, मध्येच उठून पळून दाखवून. ती कुठल्याही फोनवर इतकं बोलली नसती. मला डोळ्यांनी बघण्यापेक्षा ते जास्त स्पष्ट दिसलं, असं म्हणायला हरकत नाही. पण मला बघायचंही होतं, हे खरं.

निघताना मी मोबाईल परत मागितला. “चूक माझीच होती. तेराव्या वर्षी मोबाईल द्यायचा नाही, हेच बरोबर.”

“मोबाईलनं काय केलं?” सावनी म्हणाली. “तुम्ही मला मोबाईल दिला आणि बोलायचंच नाही असा नियम केलात.”

सगुणा मॅडमनी आपला नंबर मला लिहून दिला, मी शाळेचाही लिहून घेतला. मोबाईल मॅडमच्याच पिशवीत राहिला, पण चालू. नियमावली दोन ओळींची झाली. फोन केला तर बोलायचं. फोन आला नाही तर कुणाचं वाईट झालं असं समजायचं नाही.

आता हा मोबाईल तिची वाढदिवसाची भेट राहिला नाही, हेही तिथेच ठरलं. तो घराचा झाला. जो बाहेरगावी जाईल त्याच्या गळ्यात जाईल, मग तो मी असलो तरी. सावनीला वाढदिवसाला गुडघ्याचे पॅड.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. सवयीनं मी मोजू लागलो. एक, दोन.

“उचला की!” दमयंती ओरडली.

उचलला. पलीकडे पटांगणाचा गलका होता.

“बाबा, आम्ही फायनल हरलो.”

आणि ती रडायला लागली. काल माझ्यामुळे बाद झाली तेव्हा रडली नव्हती, आज रडली. शेवटच्या क्षणी ती घसरली होती. सगळ्यांनी सांगितलं तुझी चूक नाही, पण तिला ठाऊक होतं की होती. मी ऐकत होतो. ती सांगत होती आणि मध्येच खटकन फोन तुटला. बॅलन्स संपला होता. भूपाळीचे पैसे कापले नसते तर आणखी थोडा पुरला असता.

येणारे फोन मुदतीपर्यंत चालतात, हे मी दुकानदाराकडून वदवून घेतलं होतं. मी लगेच तिचा नंबर लावला. पलीकडे ट्रिंग ट्रिंग नाही, तर ती गोड बाई आणि तिची भूपाळी सुरू झाली. भर दुपारी, दापोलीच्या पटांगणावर हरलेल्या मुलीला फोन लावताना मी देवाला उठवत उभा होतो. दमयंतीनं कान जवळ आणला आणि विचारलं, “हे काय?”

“नंतर सांगतो,” मी म्हणालो.

पहिलं कडवं संपायच्या आत सावनीनं फोन उचलला.

“बोल,” मी म्हणालो. “घसरलीस. मग पुढं काय झालं?”